पोटरीवरची रेघ : पायमोज्यांच्या शिवणीचा इतिहास

१९४०च्या दशकातला एखादा हॉलिवूडचा चित्रपट किंवा त्या काळातल्या युरोपीय स्त्रियांची छायाचित्रे पाहिलीत, तर एक गोष्ट नजरेत येईल. गुडघ्याखाली स्कर्ट, उंच टाचेचे बूट, आणि टाचेपासून थेट वर गेलेली एक बारीक काळी रेघ. ती रेघ म्हणजे पायमोज्याची मागची शिवण. ती सरळ असणे हे नीटनेटक्या पोशाखाचे लक्षण मानले जाई आणि वाकडी झाली तर ते गबाळेपणाचे. आज दुकानातला मोजा हातात घेतलात तर ही शिवण सापडत नाही. ती कुठून आली, का टिकली आणि कशामुळे गेली, हे या पाठात पाहायचे आहे. विषय वेशभूषेचा वाटतो, पण उत्तरे बहुतेक यंत्रांत आणि धाग्यांत सापडतात. मधल्या एका टप्प्यावर तर या शिवणीपायी इंग्लंडच्या संसदेने फाशीचा कायदा केला.

आधी एक भेद पक्का करून घेऊ. मराठीत मागावरच्या कापडालाही आपण 'विणलेले' म्हणतो आणि सुयांवरच्या स्वेटरलाही. मागावर उभे आणि आडवे असे दोन धागे एकमेकांत अडकतात. ते कापड फारसे ताणले जात नाही. सुयांवर एकाच धाग्याचे टाके होतात. प्रत्येक टाका खालच्या टाक्यातून बाहेर काढलेला असतो आणि वरच्या टाक्याने धरून ठेवलेला असतो. म्हणून ते ताणले जाते, आणि म्हणूनच एक टाका तुटला की त्या उभ्या ओळीतले टाके एकापाठोपाठ एक सुटत जातात. एखादी जुनी बनियन कात्रीने कापून कडेला ओढून बघा. पुढचा सगळा इतिहास समजायला तेवढा प्रयोग पुरेसा आहे.

हाताला जमत होते, यंत्राला जमेना

सोळाव्या शतकापर्यंत युरोपात पायाचे आवरण बहुधा मागावरच्या कापडाचे असे. ते कापड उरेप कापत, म्हणजे धाग्यांच्या दिशेला तिरपे. कारण विणलेले कापड ताणले जाते ते फक्त तिरप्या दिशेत. कापलेला तुकडा पायाभोवती गुंडाळून मागे शिवला की झाला मोजा. शिवण होतीच, आणि घोट्याशी सुरकुत्याही होत्या.

मग हाताने विणलेले पायमोजे लोकप्रिय झाले. चार-पाच सुया घेऊन गोलाकार विणत गेले की नळीच तयार होते, शिवणीची गरजच राहत नाही. पोटरीकडून घोट्याकडे येताना विणणारी अधूनमधून दोन टाके एकत्र घेऊन संख्या कमी करते आणि नळी पायाच्या आकाराची होते. हे टाके नेमके कुठे घटवायचे ते कळावे म्हणून मागच्या बाजूला उलट्या टाक्यांची एक उभी ओळ ठेवण्याची पद्धत होती. म्हणजे शिवण नसतानाही शिवणीसारखी खूण होती.

१५८९ मध्ये नॉटिंगहॅमशायरमधल्या कॅल्व्हर्टन या गावच्या विल्यम ली याने पायमोजे विणण्याचे यंत्र तयार केले. हाताच्या विणकामात सगळे टाके एका सुईवर ओळीने बसतात आणि एकेक करून विणले जातात. लीने प्रत्येक टाक्याला स्वतःची सुई दिली. टोकाशी मागे वळलेली, लवचिक हुक असलेली ती सुई. सगळ्या सुयांवर धागा आडवा टाकायचा, पातळ पत्र्यांनी तो सुयांच्या मधे दाबून टाके पाडायचे, हुक दाबून बंद करायचे आणि जुने टाके त्यांच्यावरून सोडून द्यायचे. संपूर्ण ओळ एकदम तयार. पहिल्या यंत्रात इंचाला आठ सुया होत्या, त्यामुळे कापड जाडेभरडे निघे. पुढे इंचाला वीस सुया बसवून त्याने रेशमी मोजे विणले. राणी एलिझाबेथने त्याला एकाधिकार नाकारला असे सांगितले जाते. एवढे निश्चित, की इंग्लंडमध्ये त्याला आश्रय मिळाला नाही, तो फ्रान्सला गेला आणि तिथेच वारला. त्याचा भाऊ यंत्रे घेऊन परत आला आणि धंदा इंग्लंडमध्ये रुजला.

या यंत्राची एक मर्यादा होती. त्याच्या सुया एका सरळ रांगेत होत्या. सरळ रांगेतून नळी निघत नाही, सपाट तुकडा निघतो. म्हणजे जे हाताला सहज जमत होते ते यंत्राला जमेना, आणि शिवण परत आली. मोजा सपाट विणायचा आणि मग दोन्ही कडा मागे जोडायच्या. विणकराच्या घरात बहुधा पुरुष यंत्रावर बसे, मुले धागा गुंडाळून देत आणि शिवण घालण्याचे काम स्त्रियांकडे असे.

आता आकाराचे गणित करू. समजा पोटरीचा घेर ३६ सेंटिमीटर, घोट्याचा २२, आणि दोन्हींमधले अंतर २२ सेंटिमीटर. सेंटिमीटरला आडवे १० टाके आणि उभ्या १४ ओळी धरा. पोटरीशी ३६० टाके लागतील आणि घोट्याशी २२०, म्हणजे १४० टाके कमी करायचे. प्रत्येक वेळी दोन्ही कडांना एकेक टाका घटतो, म्हणून ७० वेळा घट करावी लागेल. मधल्या ओळी ३०८. अर्थात साधारण दर चौथ्या ओळीला थांबून कडेचे टाके आतल्या सुयांवर सरकवायचे. दोन टाके एका सुईवर आले की तिथे छोटीशी गाठीसारखी खूण दिसते. शिवणीच्या दोन्ही बाजूंना अशा खुणांची समांतर रांग दिसली तर समजावे, की हा मोजा विणतानाच घडवलेला आहे. त्याची कड कापलेली नाही. धागा कडेला वळून परत आलेला आहे. साडीचा काठ जसा उसवत नाही, तशी ही कड उसवत नाही.

कात्रीने कापलेले मोजे

अठराव्या शतकात हे पायमोजे मुख्यतः पुरुषांच्या पोशाखात दिसत असत. गुडघ्यापर्यंतची तंग विजार आणि खाली पांढरा रेशमी किंवा सुती मोजा. पोटरी हा पुरुषाच्या रूपाचा भाग होता. स्त्रियांचे मोजे घेरदार झग्याखाली झाकलेले असत. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला पुरुषांनी लांब पँट घालायला सुरुवात केली आणि चांगल्या मोज्यांची मागणी ओसरली. त्यात नेपोलियनशी युद्ध, बंद पडलेला परदेशी व्यापार आणि महागलेले धान्य.

नॉटिंगहॅमशायरमध्ये विणकर यंत्राचा मालक क्वचितच असे. यंत्र भाड्याचे, आणि भाडे मजुरीतून कापले जाई. पँटलून वगैरेंसाठी बनवलेली काही रुंद यंत्रे मागणी बदलल्यामुळे पडून होती. काही मालकांनी त्यांच्यावर नुसते रुंद कापड विणून घेतले, ते कात्रीने पायाच्या आकारात कापले आणि शिवले. वर केलेल्या हिशोबातली सत्तर वेळची घट वाचली. एका रुंद तुकड्यातून अनेक मोजे निघू लागले आणि विणकराच्या कौशल्याची गरजच उरली नाही.

दुकानात इस्त्री करून ठेवलेला असा मोजा चांगल्या मोज्यासारखाच दिसे, मागे शिवण दोघांनाही असे. पण याची कड कापलेली होती. काही दिवस वापरला, एकदोनदा धुतला, की शिवणीजवळचे मोकळे टाके निसटायचे आणि मोजा उभा उसवत जायचा. गिऱ्हाईक पुढच्या वेळी त्या गावचा मोजाच घेईना. विणकरांची तक्रार दुहेरी होती : या मालामुळे आमची मजुरी पडते, आणि आमच्या धंद्याचे नावही बुडते.

मार्च १८११ मध्ये अर्नोल्ड या गावात यंत्रे फोडायला सुरुवात झाली. नेड लड या काल्पनिक पुढाऱ्याच्या नावावरून या लोकांना लडाइट म्हणू लागले. आज तो शब्द 'नव्या तंत्रज्ञानाला घाबरणारा' या अर्थाने सर्रास वापरला जातो, आणि अभियांत्रिकीच्या वर्गात तर फारच. तो अर्थ नॉटिंगहॅमच्या विणकरांवर अन्याय करणारा आहे असे मला वाटते. त्यांनी फोडलेले यंत्र नवे नव्हते, दोनशे वर्षांहून जुने होते आणि त्यांचे स्वतःचे पोट त्यावर चालत होते. शिवाय ते निवडून फोडत. कापून शिवलेला माल काढणारी किंवा ठरलेल्यापेक्षा कमी मजुरी देणाऱ्या मालकांची यंत्रे मोडायची आणि बाकीच्यांना हात लावायचा नाही, असे अनेक ठिकाणी घडले. त्यांचा राग यंत्राच्या एका विशिष्ट वापरावर होता.

सरकारने सैन्य पाठवले आणि १८१२ मध्ये यंत्र मोडणे हा मृत्युदंडाचा गुन्हा ठरवणारा कायदा केला. २७ फेब्रुवारी १८१२ रोजी कवी बायरन याने लॉर्ड्सच्या सभागृहात आपले पहिले भाषण केले ते याच विधेयकाच्या विरोधात. त्याचे घर नॉटिंगहॅमशायरमध्येच होते आणि विणकरांची उपासमार त्याने पाहिली होती. विधेयक मात्र मंजूर झाले.

नळी आणि खोटी शिवण

१८६४ मध्ये लफबरोच्या विल्यम कॉटन याने एक वाफेवर चालणारे सपाट यंत्र केले. ते एकाच वेळी अनेक मोजे विणत असे आणि कडेची घट आपोआप करत असे. हाताने टाके सरकवायचे कष्ट संपले. शिवण राहिलीच.

दुसरा मार्ग होता सुया वर्तुळात बसवण्याचा. गोल यंत्रातून नळी अखंड निघते आणि वेगही पुष्कळ असतो, कारण ओळीच्या शेवटी थांबून मागे फिरायचे नसते. तुमच्या बनियनला दोन्ही बाजूंना शिवण नसते ती याच कारणाने. तिरुपूर आणि लुधियाना ही आपल्याकडची होजिअरीची नामांकित केंद्रे. पण बनियनला जे चालते ते मोज्याला चालत नाही. वर्तुळातल्या सुयांची संख्या ठरलेली असते. पोटरीला ३६० टाके, तर घोट्यालाही ३६०. आपल्या उदाहरणात घोट्याशी १४० टाके जास्तीचे होतात, आणि त्यांच्या सुरकुत्या पडतात. खाली येताना टाके अधिक घट्ट घेऊन थोडी सुधारणा होते. लाकडी पायाच्या साच्यावर चढवून वाफ दिली की नवा मोजा दुकानात सुबक दिसतो. रेशीम किंवा सूत मात्र पहिल्या धुण्यात तो आकार विसरते.

त्यामुळे शिवण ही चांगल्या बसणीची साक्ष ठरली, आणि साक्ष म्हटली की तिची नक्कलही आलीच. गोल यंत्रावर विणलेल्या स्वस्त मोज्यांना मागे खोटी शिवण घालू लागले आणि बाजूला घटीच्या खोट्या खुणाही शिवू लागले. खरे-खोटे ओळखायचे तर खुणांच्या रांगेच्या वर आणि खाली उभ्या ओळी मोजाव्यात. खऱ्या मोज्यात खाली त्या कमी होतात आणि खुणांपाशी येऊन संपतात. खोट्यात वरपासून खालपर्यंत तेवढ्याच राहतात आणि शिवणीला समांतर जातात.

झिरझिरीतपणाचे गणित

विसाव्या शतकात स्त्रियांचे स्कर्ट वर चढले आणि पाय प्रथमच सार्वजनिक पोशाखाचा भाग झाला. आता मोज्याने पाय झाकायचा होता आणि दाखवायचाही. मोजा जितका झिरझिरीत, तितका भारी.

हा विरळपणा मोजण्याचे एकक डेनिअर. ९,००० मीटर धाग्याचे ग्रॅममध्ये वजन म्हणजे डेनिअर. १५ डेनिअरचा ९ किलोमीटर धागा फक्त १५ ग्रॅम भरतो. नायलॉनची घनता घन सेंटिमीटरला १.१४ ग्रॅम धरून व्यास काढला तर तो सुमारे ४३ मायक्रॉन येतो. ६० डेनिअरचा तसाच एकसंध धागा घेतला तर ८६. वजन चौपट झाले तरी जाडी दुप्पटच होते, कारण वजन व्यासाच्या वर्गाप्रमाणे वाढते.

डेनिअर हा अर्धाच हिशोब आहे. उरलेला अर्धा विणीचा, म्हणजे गेजचा. सपाट यंत्रांसाठी गेज म्हणजे दीड इंचातल्या सुया. जुन्या खोक्यांवर '५१ गेज, १५ डेनिअर' असे छापलेले असे. म्हणजे इंचाला ३४ सुया, दोन उभ्या ओळींत साधारण पाऊण मिलिमीटर अंतर. प्रत्येक टाक्याला दोन बाजू असतात, म्हणून त्या पाऊण मिलिमीटरमध्ये धागा व्यापतो ८६ मायक्रॉन, सुमारे ११ टक्के. टाक्याचे वरचे-खालचे वळण मी यात धरलेले नाही, तरी अंदाज येतो : उरलेली जवळजवळ सगळी त्वचाच दिसते. ६० डेनिअरला हेच प्रमाण दुप्पट होते, आणि प्रत्यक्षात जाड मोज्यांचा धागा अनेक तंतूंचा, फुगवलेला असल्याने तो आणखी जागा भरतो. म्हणून तो अपारदर्शक दिसतो.

यातून एक गमतीदार परिणाम निघतो. समोरून पाहताना नजर टाक्यांच्या मधून सरळ आत जाते. पायाच्या कडांना मात्र नजर कापडावर तिरपी पडते, धागे एकमेकांआड येतात आणि रंग गडद दिसतो. मधे फिकट, कडांना गडद, त्यामुळे पाय गोलाईदार आणि सडपातळ वाटतो. चित्रकार हेच काम छायेने करतो. जाड, अपारदर्शक मोज्यात ही छटा जवळजवळ नाहीशी होते. तिथे पाय हा एकाच रंगाचा सपाट आकार बनतो. संध्याकाळच्या पोशाखाबरोबर १५ डेनिअर आणि थंडीतल्या लोकरी स्कर्टबरोबर ६० किंवा त्याहून जाड, या प्रथेमागे ऊब तर आहेच, पण हा फरकही आहे.

रेशमाची जागा नायलॉनने घेतली ती फार झपाट्याने. ड्यूपॉन्ट कंपनीत वॉलेस कॅरोदर्सच्या गटाने १९३५ मध्ये हे रसायन तयार केले आणि १५ मे १९४० रोजी नायलॉनचे मोजे अमेरिकाभर विक्रीला आले. दोन वर्षांच्या आत अमेरिका युद्धात होती आणि नायलॉन पॅराशूटकडे वळवले गेले. रेशीम जपानहून येत असे, तेही बंद झाले. तेव्हा अमेरिकेत आणि ब्रिटनमध्ये अनेक स्त्रियांनी पायांना रंग लावला आणि भुवयांच्या पेन्सिलीने पोटरीवर मागे रेघ ओढली. मोजाच नाही आणि शिवण आहे! कापड नसले तरी चालेल, पण त्याच्या दर्जाची खूण हवी, इतकी ती रेघ पोशाखात मुरली होती. युद्धानंतर नायलॉनसाठी दुकानांपुढे रेटारेटी झाली. त्या वेळच्या बातम्यांनुसार जून १९४६ मध्ये पिट्सबर्गला १३,००० जोड्यांसाठी ४०,००० लोक रांगेत होते.

आणि याच नायलॉनने शेवटी शिवण घालवली. नायलॉनच्या लांब रेणूंना हायड्रोजन बंधांनी एकमेकांशी धरून ठेवलेले असते. धातूच्या पायावर चढवून त्याला शंभर अंशांच्या वरची वाफ दिली, की काही बंध सैल होतात आणि निवताना नव्या आकारात पुन्हा जुळतात. घरी धुताना तेवढी उष्णता पोचत नाही, म्हणून तो आकार टिकतो. गोल यंत्रावरची नळी घोट्याशी अरुंद राहू लागली, तीही टाके न घटवता. जे काम विणकर सत्तर वेळा थांबून करत होता, ते आता वाफेच्या एका फेरीत होऊ लागले. १९६०च्या दशकात शिवणीचे मोजे मागे पडले.

त्याच सुमारास मोज्याचा वरचा भागही बदलला. आखूड स्कर्टखाली मोज्याची वरची किनार आणि ती धरणारे पट्टे दिसू लागले. नॉर्थ कॅरोलिनातल्या ग्लेन रेव्हन मिल्सने १९५९ मध्ये दोन मोजे आणि कमरेचा भाग एकत्र जोडून टाइट्स बाजारात आणल्या होत्या. मिनी स्कर्टने त्यांना गिऱ्हाईक मिळवून दिले.

एका मोज्याने मात्र शिवण सोडली नाही. तो म्हणजे अर्गाइल, चौकोनांच्या नक्षीचा. स्कॉटलंडच्या डोंगराळ भागातले लोक चौकड्याच्या लोकरी कापडाचे मोजे उरेप कापून शिवत. कापड तिरपे धरल्यामुळे त्यावरचे चौकोन उभ्या शंकरपाळ्यांसारखे दिसत. पुढे तीच नक्षी सुयांवर विणू लागले. तिचे नाव कॅम्पबेल कुळाच्या अर्गाइल प्रांतावरून आले. पहिल्या महायुद्धानंतर गोल्फच्या ढगळ, गुडघ्याखाली बांधलेल्या विजारीबरोबर ते मोजे फॅशनमध्ये आले. विजार साधी आणि खाली रंगीत पोटरी, असा तो मेळ.

त्याच्या विणीत प्रत्येक चौकोनाला स्वतंत्र धागा असतो. रंग बदलतो तिथे दोन धागे एकमेकांभोवती वळसा घेतात आणि आपापल्या चौकोनात परततात. गोलाकार विणताना फेरी पूर्ण झाली की धागा चौकोनाच्या पलीकडच्या टोकाला अडकलेला असतो, हवा असतो अलीकडे. म्हणून खरा अर्गाइल सपाट, पुढे-मागे विणून मागे शिवावा लागतो. दुकानातला स्वस्त अर्गाइल मोजा उलटा करून पाहा. आत रंगीत धाग्यांची सुटी टोके किंवा आडवे लोंबणारे धागे दिसले तर तो गोल यंत्रावरचा आहे. घालताना त्या धाग्यांत पायाची बोटे अडकतात.